७२ तास कुणी ठरवले?

"माझा रक्तगट निगेटिव्ह, ह्यांचा पॉझिटिव्ह. पहिलं बाळ ठणठणीत झालं. मग डॉक्टर दुसऱ्याच्या वेळी घाबरवतात कशाला?" बाळंतपणाच्या ओपीडीत हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, आणि तो सहसा नवरा किंवा आई विचारते: "ते इंजेक्शन तीन दिवसांच्या आत घ्यायचं होतं, राहून गेलं. आता काय?"

नर्सिंगच्या आणि डॉक्टरीच्या परीक्षांतही हे दोन्ही प्रश्न वेष बदलून येतात. तिथे उत्तर म्हणून "७२ तास" आणि "२८वा आठवडा" हे दोन आकडे पाठ केलेले असतात. पण ते कुठून आले हे ठाऊक नसलं, तर चौथ्या दिवशी समोर आलेल्या बाळंतिणीला "आता उपयोग नाही" असं सांगून परत पाठवलं जातं. म्हणून या प्रकरणात त्या आकड्यांच्या मुळाशी जाऊ.

१. निगेटिव्ह म्हणजे काय नाही?

आपल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर पुष्कळ निरनिराळी प्रथिनं असतात. त्यांतल्या एकाचं नाव 'डी'. ते असलं तर माणूस आर-एच पॉझिटिव्ह, नसलं तर निगेटिव्ह. निगेटिव्ह असणं हा आजार नाही, अशक्तपणाही नाही, आणि नवरा-बायकोचे गट वेगळे असल्याने मूल होण्यात काही अडचण येत नाही.

डी तयार करण्याची सूचना मुलाला दोघांकडून मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोनपैकी एक जरी असली तरी मूल पॉझिटिव्ह होतं. निगेटिव्ह आईकडे अशी सूचनाच नसते, त्यामुळे सगळं वडिलांवर येतं. त्यांच्याकडे दोन्ही असतील तर प्रत्येक मूल पॉझिटिव्ह, एकच असेल तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता. युरोपात साधारण १५ टक्के लोक निगेटिव्ह आहेत, आपल्याकडे ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे निगेटिव्ह मुलीला नवरा मिळतो तो बहुधा पॉझिटिव्हच.

यातला धोका पहिल्यांदा नीट उलगडला तो १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये. एका बाईचं मूल पोटातच दगावलं, रक्तस्राव झाला, म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचा 'ओ' गट जुळत होता, तरी तिला जोराची रिअ‍ॅक्शन आली. फिलिप लेव्हिन आणि रुफस स्टेट्सन यांनी तर्क बांधला की, मुलाला वडिलांकडून असं काहीतरी मिळालं होतं जे आईकडे नव्हतं, आणि आईच्या शरीराने त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवल्या होत्या. नवऱ्याचं रक्त आत गेल्यावर त्या अँटिबॉडी त्याच्यावर तुटून पडल्या. पुढच्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी आर-एच गटाचा शोध जाहीर केला आणि दोन्ही धागे जुळले.

२. पहिलं बाळ का सुटतं?

पोटात असताना आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोघांच्या मध्ये वार असते. प्राणवायू, साखर वगैरे तिच्यातून पार होतं, तांबड्या पेशी सहसा होत नाहीत. पण वार सुटते तेव्हा थोड्या वाहिन्या फाटतात आणि बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. गर्भपातात, पोटावर मार बसला तर, किंवा पोटातून सुई घालून गर्भजल काढलं तरी हे होऊ शकतं.

निगेटिव्ह आईच्या शरीराने 'डी' हा प्रकार पूर्वी पाहिलेला नसतो. पहिल्या भेटीत ते सावकाश हालचाल करतं, आठवडे घेतं. सुरुवातीला ज्या अँटिबॉडी बनतात त्या आयजीएम जातीच्या. त्यांचा रेणू मोठा असतो, तो वारेतून पार होत नाही. आणि एवढं होईस्तोवर पहिलं बाळ बाहेर येऊन पाळण्यात झोपलेलं असतं. त्याला काही होत नाही.

पण शरीरात आठवण राहते. ही आठवण म्हणजे कवितेतली नव्हे, तर खरोखरच्या पेशी. त्या वर्षानुवर्षं टिकतात. पुढच्या गरोदरपणात बाळाच्या अगदी मोजक्या पेशी आल्या तरी त्या जाग्या होतात आणि या खेपेला आयजीजी जातीच्या अँटिबॉडी भराभर तयार करतात. आयजीजी लहान असते, आणि वार तर तिला मुद्दाम उचलून बाळाकडे पोचवते. एरवी ही मोठी सोय आहे, कारण आईला झालेल्या रोगांपासूनचं संरक्षण बाळाला याच वाटेने मिळतं. इथे तीच वाट बाळाच्या जिवावर उठते.

दुधात विरजण पडलं की ते लगेच काढता आलं तर दूध दूधच राहील. एकदा दही लागलं की मग काही केलं तरी त्याचं दूध होत नाही, उलट त्या दह्याचा चमचाभर अंश पुढच्या पातेल्याला पुरतो. डॉक्टर ज्याला 'सेन्सिटायझेशन' म्हणतात ते हेच दही लागणं. अँटी-डी हे इंजेक्शन विरजण काढून टाकतं, लागलेलं दही मोडू शकत नाही. ज्या बाईच्या शरीरात अँटिबॉडी आधीच तयार झाल्या आहेत तिला हे इंजेक्शन देऊन काहीही फायदा नाही. परीक्षेतल्या निम्म्या चुका इथेच होतात आणि प्रत्यक्षातही पैसे वाया जातात.

'पहिलं बाळ सुटतं' या नियमाला अपवाद आहेत. आईला पूर्वी चुकून पॉझिटिव्ह रक्त चढलं असेल, किंवा आधीचा गर्भपात कुणाला न सांगितलेला असेल, तर 'पहिलं' बाळ कागदावर पहिलं असतं, आईच्या शरीराच्या दृष्टीने नव्हे. इतिहास विचारताना आजूबाजूला सासूबाई बसलेल्या असतील तर खरं उत्तर मिळेलच असं नाही. हा प्रश्न एकटीला विचारावा.

३. काट्याने काटा

अँटी-डी म्हणजे डीविरुद्धची तयार अँटिबॉडी. जी आईच्या शरीरात तयार होऊ नये म्हणून आपण धडपडतो, तीच बाहेरून टोचायची. हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं आणि १९६०च्या सुमाराला पुष्कळांना वाटलंही.

या कल्पनेचा उगम एका जुन्या निरीक्षणात आहे. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह अशा सगळ्या जोड्यांत धोका सारखा नसतो. इंजेक्शन न देता सोडलं, तर ए-बी-ओ गट जुळणाऱ्या जोड्यांत साधारण १६ टक्के आयांमध्ये अँटिबॉडी तयार होतात. पण आई 'ओ' आणि बाळ 'ए' अशा न जुळणाऱ्या जोडीत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास उरतं. 'ओ' गटाच्या आईच्या रक्तात 'ए'विरुद्धच्या अँटिबॉडी जन्मभर असतातच. बाळाच्या पेशी आत आल्या की त्या ताबडतोब नष्ट होतात, आणि डी कुणाच्या नजरेस पडायच्या आत गोष्ट संपते.

लिव्हरपूलच्या रोनाल्ड फिन यांनी विचार केला की निसर्ग जे ए-बी-ओच्या मदतीने करतो, ते आपण अँटी-डी टोचून का करू नये? त्यांचे वरिष्ठ सिरिल क्लार्क हे डॉक्टर होते आणि फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे जाणकारही. फुलपाखरांच्या पंखांवरचे नक्षीकाम पुढच्या पिढीत कसं उतरतं याचा अभ्यास करता करता ते रक्तगटांकडे वळले होते. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गॉर्मन आणि विल्यम पोलॅक हे तिघे स्वतंत्रपणे त्याच दिशेने चालले होते.

७२ तासांचा आकडा या न्यूयॉर्कच्या प्रयोगांतून आला. प्रयोगासाठी निगेटिव्ह गटाचे पुरुष हवे होते, म्हणजे कुणाच्या पुढच्या मुलाला धोका नाही. ते मिळाले हडसन नदीकाठच्या सिंग सिंग तुरुंगात. कैद्यांना आधी पॉझिटिव्ह पेशी टोचायच्या आणि मग अँटी-डी द्यायचं. तुरुंगाच्या शिस्तीमुळे डॉक्टरांना मनाला येईल तेव्हा आत जाता येत नसे. म्हणून पहिली सुई आणि दुसरी सुई यांत तीन दिवसांचं अंतर पडलं. तीन दिवसांनी दिलेलं इंजेक्शनही काम करतं असं दिसलं, पुढे बाळंतिणींवर चाचण्या झाल्या त्याही त्याच मुदतीत, आणि ७२ तास हा नियम झाला. कैद्यांवर असे प्रयोग आज कुणी मंजूर करणार नाही, तो वेगळा विषय.

आपल्या कामाचा मुद्दा असा की ७२ तास ही शरीराने आखलेली रेषा नाही. ती तुरुंगाच्या भेटीच्या वेळांनी आखलेली आहे. त्र्याहत्तराव्या तासाला औषध निकामी होत नाही. ७२ तासांच्या आत नक्की काम करतं असा पुरावा आहे. त्यानंतर फायदा हळूहळू कमी होत जातो, एवढंच. म्हणून ब्रिटिश तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात राहून गेलेलं इंजेक्शन १० दिवसांपर्यंत द्यायला सांगितलंय, अमेरिकन मार्गदर्शनात अगदी २८ दिवसांपर्यंत. लवकर द्यावं हे खरंच, पण उशीर झाला म्हणून देऊच नये हे चूक.

अमेरिकेत हे औषध १९६८ साली बाजारात आलं.

४. मग २८वा आठवडा कशासाठी?

बाळंतपणानंतरचं इंजेक्शन रुळल्यावर अँटिबॉडी होण्याचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १ ते २ टक्क्यांवर आलं. हे उरलेले कोण? कॅनडातल्या विनिपेगमध्ये जॉन बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा दिसलं की या बायकांच्या शरीरात बाळंतपणाआधीच, शेवटच्या तिमाहीत, काहीही दुखलं-खुपलं नसताना बाळाच्या थोड्या पेशी आल्या होत्या. बाळंतपणानंतर धावाधाव करून उपयोग नव्हता, दही आधीच लागलेलं होतं.

उपाय सरळ होता. शेवटची तिमाही सुरू होताना एक डोस आधीच देऊन ठेवायचा. अँटी-डीचं प्रमाण शरीरात साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मं होतं. २८व्या आठवड्याला ३०० मायक्रोग्रॅम दिलं, तर ३१व्या आठवड्याला १५०, ३४व्याला ७५, ३७व्याला सुमारे ३७ आणि ४०व्याला १९च्या आसपास उरतं. तेवढं शेवटपर्यंत पहारा द्यायला पुरतं. २०व्या आठवड्याला दिलं असतं तर नेमक्या गरजेच्या वेळी संपलं असतं. हा डोस जोडल्यावर उरलेला धोका १ ते २ टक्क्यांवरून पाव टक्क्याच्या आसपास येतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात जे १९ मायक्रोग्रॅम उरलंय ते रोजच्या किरकोळ पाझरासाठी ठीक आहे, वार सुटतानाच्या रक्तासाठी नाही. म्हणून २८व्या आठवड्याला घेतलं असलं तरी बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर पूर्ण डोस पुन्हा द्यावाच लागतो. "आधी घेतलंय की," असं म्हणून दुसरा टाळणं ही नेहमीची चूक.

आणि इथे एक चकवाही आहे. आईच्या रक्तात अँटी-डी आहे का हे पाहणारी तपासणी म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, बोलीत आयसीटी. ती पहिल्या भेटीत करतात आणि २८व्या आठवड्याला इंजेक्शन देण्याआधी पुन्हा करतात. इंजेक्शननंतर काही आठवड्यांनी कुणी ती केली तर ती हलकीशी पॉझिटिव्ह येणारच, कारण आपणच टोचलेली अँटिबॉडी तिच्यात दिसते. फाईलवर इंजेक्शनची तारीख नसली, तर नवीन डॉक्टर ते पाहून "हिच्यात अँटिबॉडी झाल्या" असं समजतो आणि बाळंतपणानंतरचं इंजेक्शन देत नाही. सगळ्यात मोठं नुकसान असं एका न लिहिलेल्या तारखेने होतं.

५. पाचवा दिवस

समजा, एक मुलगी आहे. रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. सासर पुण्यात, माहेर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी गेली, सातवा महिना लागल्यावर. पुण्यातली फाईल पुण्यातच राहिली. २८व्या आठवड्याचं इंजेक्शन प्रवासाच्या गडबडीत राहिलं. बाळ झालं, दोघंही ठीक. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. जिथे बाळंत झाली तिथे इंजेक्शनचा साठा संपलेला होता, औषधाच्या दुकानात "उद्या येईल" म्हणाले. हे औषध २ ते ८ अंश तापमानात फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून छोट्या दुकानांत ते असेलच असं नसतं. पाचव्या दिवशी घरातले तिला घेऊन आले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "७२ तास उलटले."

आता आपण काय करायचं? पहिल्यांदा बाळाचा गट. जन्मताच नाळेतून रक्त घेतलं असतं तर बरं होतं. घेतलं नसेल तर बाळाच्या टाचेतून घेता येतं. बाळ निगेटिव्ह निघालं तर प्रश्नच मिटला, इंजेक्शन नको. आईचा गट बी आहे, वडिलांचा ओ. म्हणजे बाळ बी किंवा ओ असणार, आणि दोन्हींशी आईचं रक्त ए-बी-ओ दृष्टीने जुळतं. वर सांगितलेलं नैसर्गिक संरक्षण या जोडीला नाही. मग आईची आयसीटी. ती निगेटिव्ह असेल, म्हणजे दही अजून लागलेलं नाही, तर पाचव्या दिवशीही ३०० मायक्रोग्रॅम द्यायचं. बाळाचा गट कळायला वेळ लागणार असेल, तर तो पॉझिटिव्ह आहे असं धरून द्यायचं. इंजेक्शन आईला, बाळाला नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. आणि स्नायूत, शक्यतो दंडात. कमरेखाली दिलेलं पुष्कळदा चरबीत जाऊन बसतं आणि रक्तात हळू उतरतं.

६. एक कुपी पुरते का?

३०० मायक्रोग्रॅमची एक कुपी बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरते. बहुतेक बाळंतपणांत त्याहून खूप कमी रक्त आईत जातं. पण वार आधीच सुटली असेल, ती हाताने काढावी लागली असेल, पोटाला मार बसला असेल किंवा जुळी असतील, तर जास्त जाऊ शकतं. अशा वेळी मोजायची पद्धत आहे, तिला क्लाइहाऊअर तपासणी म्हणतात. आईच्या रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून त्यावर आम्ल घालतात. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन आम्लात विरघळून निघून जातं, बाळाचं टिकतं. सूक्ष्मदर्शकात आईच्या पेशी फिकट भुतासारख्या दिसतात आणि त्यांच्यात बाळाच्या पेशी गडद गुलाबी उठून दिसतात.

समजा २००० पेशींत २४ गुलाबी सापडल्या. म्हणजे १.२ टक्के. आईचं एकूण रक्त परीक्षेत ५००० मिलिलिटर धरतात. त्याचे १.२ टक्के म्हणजे ६० मिलिलिटर. भागिले ३०, दोन कुप्या. ही मोजणी डोळ्यांनी केलेली, अंदाजाची असते, म्हणून अमेरिकन पद्धतीत वर एक आणखी देतात. तीन.

७. राहून गेलं तर पुढे काय होतं?

त्याच मुलीला पाचव्या दिवशी परत पाठवलं असतं आणि तिच्यात अँटिबॉडी झाल्या असत्या, तर दुसऱ्या खेपेची गोष्ट अशी चालली असती.

दहाव्या आठवड्याला आयसीटी पॉझिटिव्ह. आता प्रश्न, किती? रक्तातला द्रव निम्मा-निम्मा पातळ करत जातात आणि कुठवर प्रतिक्रिया दिसते ते पाहतात. १ भागाचे ८ केले तरी दिसली तर टायटर ८. दर चार आठवड्यांनी ते पुन्हा पाहायचं. १६ किंवा ३२ पर्यंत चढलं, प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे, की आईच्या रक्ताने सांगण्यासारखं आता काही उरत नाही, बाळाला विचारावं लागतं.

बाळाच्या तांबड्या पेशी फुटायला लागल्या की ते पांडुरोगी होतं. त्याचं रक्त पातळ होतं, आणि पातळ रक्त मेंदूकडे जास्त वेगाने धावतं. सोनोग्राफीच्या डॉपलरवर बाळाच्या मेंदूतल्या एका धमनीतला वेग मोजतात. त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट वेग गेला, तर पांडुरोग तीव्र आहे असं धरतात. पूर्वी त्यासाठी पोटातून सुई घालून गर्भजल काढावं लागे. २००० साली जानकार्लो मारी आणि सहकाऱ्यांनी ही डॉपलरची रीत पक्की केली आणि ती सुई बहुतेक सुटली. वेग दीडपटीपलीकडे गेला तर नाळेतल्या शिरेतून बाळाला पोटातच रक्त चढवतात. पोटातल्या बाळाला पहिल्यांदा रक्त चढवलं ते न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी, १९६३ साली. उपचारच झाले नाहीत, तर बाळाचं यकृत आणि प्लीहा रक्त बनवण्याच्या धडपडीत सुजतात, अंगात पाणी भरतं आणि बाळ पोटातच दगावू शकतं.

आपल्या उदाहरणात वेग दीडपटीच्या आतच राहिला असं धरू. ३७व्या आठवड्यात बाळंतपण, बाळ २.७ किलोचं. जन्मताच पिवळं नाही. हे पाहून घरचे निश्चिंत होतात, पण पोटात असेपर्यंत फुटलेल्या पेशींतलं पिवळं बिलिरुबिन वार आईकडे ढकलत होती. नाळ कापल्यावर ते काम बाळाच्या कोवळ्या यकृतावर पडतं. नाळेच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ११, एरवी ते १६-१७च्या घरात असतं. डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे बाळाच्या पेशींवर आईच्या अँटिबॉडी चिकटलेल्या आहेत. बिलिरुबिन ४.५. फोटोथेरपीच्या निळ्या दिव्याखाली ठेवूनही आठ तासांनी ते ११ झालं. म्हणजे तासाला ०.८ने चढतंय. तासाला अर्ध्याहून जास्त चढत असेल तर दिवा पुरणार नाही हे उघड आहे. फार चढलेलं बिलिरुबिन मेंदूत उतरलं तर बहिरेपणा, हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली कायमच्या मागे लागतात.

मग रक्त बदलायचं. किलोमागे १६० मिलिलिटर, म्हणजे २.७ गुणिले १६०, सुमारे ४३० मिलिलिटर, आर-एच निगेटिव्ह रक्त. नाळेतल्या शिरेत नळी घालून एका वेळी १०-१५ मिलिलिटर काढायचं आणि तेवढंच घालायचं, तासा-दीड तासाचं धीराचं काम. बाळ पॉझिटिव्ह असून निगेटिव्ह रक्त का, तर आईच्या उरलेल्या अँटिबॉडींना त्यात फोडण्यासारखं काही सापडत नाही. आणि घरी गेल्यावरही त्या अँटिबॉडी आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, म्हणून कावीळ उतरली तरी बाळाचं हिमोग्लोबिन दोन-अडीच महिने अधूनमधून पाहावं लागतं. हे सांगायचं राहिलं की बाळ सहाव्या आठवड्यात पांढरंफटक होऊन परत येतं.

ज्या बाळाच्या आईने २८व्या आठवड्याचं इंजेक्शन घेतलंय त्याचीही डायरेक्ट कूम्ब्स कधी कधी हलकी पॉझिटिव्ह येते. हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन ठीक असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

८. सुटणारे प्रसंग

बाळंतपणानंतरचं इंजेक्शन आता बऱ्यापैकी ठिकाणी दिलं जातं. सुटतात ते आधीचे प्रसंग: चौथ्या-पाचव्या महिन्यातला गर्भपात, नळीत राहिलेला गर्भ, गरोदरपणात अंगावर जाणं, गाडीवरून पडणं, पोटातलं बाळ दगावणं. यांतल्या प्रत्येकानंतर ७२ तासांचाच नियम, आणि उशिराचीही तीच सवलत. पूर्ण नऊ महिने गेले नाहीत म्हणजे बाळाचं रक्त आलं नसेल, हा समज खोटा.

बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताबद्दल मात्र मतं बदलताहेत. इतक्या लहान गर्भात रक्तच फार थोडं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या मार्गदर्शनात १२ आठवड्यांआधीच्या गर्भपाताला अँटी-डीची गरज नाही असं म्हटलंय. आपल्याकडे बरेच डॉक्टर अजून ५० मायक्रोग्रॅमचा छोटा डोस देतात. मला हे चुकीचं वाटत नाही. दुकानातून गोळ्या आणून घरीच गर्भपात करणाऱ्या बाईचे आठवडे तिच्या अंदाजाने मोजलेले असतात, सोनोग्राफीने नव्हे, आणि दहा म्हणून सांगितलेले चौदा निघू शकतात.

नवरा निगेटिव्ह असेल तर इंजेक्शनची गरज नाही. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये तर आईच्या रक्तात फिरणाऱ्या बाळाच्या डीएनएवरून त्याचा गट पोटात असतानाच काढतात आणि निगेटिव्ह बाळांच्या आयांना २८व्या आठवड्याची सुई वाचवतात. हे औषध अजूनही मोठ्या प्रमाणात अशा लोकांच्या रक्तातून मिळवलं जातं ज्यांच्या अंगात अँटी-डी आहे आणि जे ते दान करतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी १८ ते ८१ या वयात ११००हून जास्त वेळा प्लाझ्मा दिला. २०२५ साली ते वारले. प्रयोगशाळेत बनवलेलं अँटी-डी आपल्या देशात मिळतं, त्यामुळे आपण केवळ दात्यांवर अवलंबून नाही.

तुमचा गट निगेटिव्ह असेल तर पहिल्या भेटीतच नवऱ्याचा गट आणि तुमची आयसीटी करून घ्या. माहेरी जाताना फाईल बरोबर न्या, आणि अँटी-डी कोणत्या तारखेला, किती मायक्रोग्रॅम घेतलं ते तिच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.